ईमेलमधले हरवलेले कर्ते

औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने ग्राहकाला पाठवलेला ईमेल, सहकारी बँकेच्या शाखेने खातेदाराला पाठवलेला ईमेल आणि गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी रंगकामाच्या कंत्राटदाराला पाठवलेला ईमेल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. विषय वेगळे असतात, पण वाक्यांची ठेवण बहुतेक वेळा एकच असते. सुरुवातीला ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’, मध्ये दोन-तीन ‘च्या संदर्भात’ आणि ‘च्या अनुषंगाने’, आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी, ही विनंती’. एरवी फोनवर ‘माल गुरुवारी पाठवतो, पाचशे नग मागे राहतील’ असे स्वच्छ सांगणारा माणूस तीच गोष्ट लिहायला बसला की ‘पुरवठ्याबाबतची कार्यवाही करण्यात येत आहे’ असे लिहितो. दोन्हीकडे माणूस तोच आणि माहितीही तीच; पण लिहिताना वाक्यातला करणारा गळून पडतो, क्रियापद नामात बदलते आणि वाचणाऱ्याला काय झाले ते शोधत बसावे लागते. या लेखाचे म्हणणे असे आहे की ही निव्वळ शैलीची किंवा शब्दसंख्येची बाब नाही. क्रियापद थेट वापरले की लिहिणाऱ्याला काही प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात, आणि ती उत्तरे मिळाल्यामुळेच ईमेल लवकर वाचून होतो आणि ठाम वाटतो.

ही ठेवण आली कुठून, हे आधी पाहायला हवे, कारण तिच्या मूळ जागी ती चुकीची नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, भाषा संचालनालय उभे राहिले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा केले, आणि इंग्रजीत चालणारे कार्यालयीन लेखन मोठ्या प्रमाणावर मराठीत आणण्याचे काम सुरू झाले. शासन निर्णयाच्या शेवटी आजही ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते. राज्यघटनेच्या १६६व्या अनुच्छेदानुसार राज्य सरकारची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त करायची असते. म्हणजे खाली सही करणारा उपसचिव किंवा कक्ष अधिकारी स्वतः तो निर्णय घेत नसतो. तो फक्त निर्णय प्रमाणित करत असतो. अशा कागदावर ‘मंजुरी देण्यात येत आहे’ या वाक्यात कर्ता नसणे अर्थपूर्ण आहे. ‘मी मंजुरी देतो’ असे तिथे लिहिले तर ते चूकच ठरेल. पण खासगी कंपनीच्या डिस्पॅच विभागातून जाणाऱ्या ईमेलमागे असा कोणताही अनुच्छेद नाही. तिथे माल पाठवणारा, बिल तपासणारा आणि तारीख ठरवणारा माणूस तोच असतो, जो खाली नाव लिहितो. शासन निर्णयाचा पेहराव त्याने चढवला की अधिकार मिळत नाही, फक्त अंतर वाढते.

इंग्रजीत या दोषावर भरपूर लिहिले गेले आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्याविषयीच्या निबंधात, कर्तरी वापरता येत असेल तिथे कर्मणी वापरू नये, असा नियमच घालून दिला. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांविषयीचे पुस्तक लिहिले, ते १९४८ चे. व्यवसाय-लेखनाच्या प्रशिक्षणांतून हा नियम आपल्याकडेही पोहोचला आहे. मात्र तो मराठीला जसाच्या तसा लावला तर गोंधळ होतो. ‘मी कोटेशन पाठवले’ हे वाक्य आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे आहे. क्रियापद कोटेशनप्रमाणे चालते, माझ्याप्रमाणे नाही. कोटेशनऐवजी यादी असती तर ‘पाठवली’ झाले असते. ‘आम्ही त्यांना कळवले’ हा भावे प्रयोग. पण ही दोन्ही वाक्ये थेट आहेत, कारण करणारा समोर उभा आहे आणि क्रियापद स्वतःचे काम करते आहे. शाळेतल्या प्रयोगांच्या तक्त्यावरून वाक्य बरे की वाईट ठरवता येत नाही. मराठी ईमेलमध्ये अडचण करणारी रचना वेगळी आहे: ‘-ण्यात येणे’, त्याच्या जोडीला ‘-ले जाणे’, आणि करणारा सांगायचाच झाला तर त्याला लावलेले ‘कडून’. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या धाटणीला व्याकरणाची पुस्तके नवीन कर्मणी म्हणतात आणि तिच्यावर इंग्रजीची छाया आहे, असेही सांगतात.

या रचनेने वाचन का मंदावते, याचे कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजी वाचकाला ‘कोणी काय केले’ हे वाक्याच्या आरंभीच कळते, बाकीचे तपशील तो नंतर त्याला जोडत जातो. मराठी वाचक मात्र सगळे तपशील हातात धरून क्रियापदाची वाट पाहतो. वाक्य आठ-दहा शब्दांचे असेल तर ही वाट जाणवतही नाही. ते तीस शब्दांचे झाले, त्यात षष्ठीच्या चार-पाच कड्या आल्या, की ओझे वाढते. आणि मग एवढे थांबून शेवटी काय मिळते? ‘करण्यात येत आहे.’ ज्या जागी वाक्याचा सगळा अर्थ बांधला जायला हवा, तिथे रिकामे क्रियापद. खरी क्रिया मागे कुठेतरी ‘तपासणी’ किंवा ‘पाठवणी’ या नामात अडकून राहिलेली असते, म्हणून डोळे परत मागे जातात. शिवाय मराठी क्रियापद एकट्याने बरेच काही सांगू शकते. ‘पाठवतो’, ‘पाठवते’, ‘पाठवू’, ‘पाठवाल’ यांतल्या प्रत्येक रूपात करणाऱ्याविषयी काही ना काही दिसते. एकटा की अनेक, बोलणारा की ऐकणारा, काही रूपांत पुरुष की स्त्री हेही. म्हणूनच मराठीत कर्ता मोकळेपणाने गाळता येतो. ‘उद्या पाठवतो’ यात ‘मी’ नसला तरी अर्थ पूर्ण असतो. ‘उद्या पाठवण्यात येईल’ यात मात्र ‘मी’ही नाही आणि त्याची जागा भरून काढणारा प्रत्ययही नाही. भाषेने दिलेली ही सोय आपण आपल्या हाताने काढून टाकतो.

प्रयोगशाळेतला पुरावाही आहे, पण तो जेवढे सांगतो तेवढेच मानावे. डॅन स्लोबिन या मानसभाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली मुलांना आणि प्रौढांना चित्रे दाखवून, त्यांच्याविषयीची वाक्ये खरी की खोटी, असे विचारले. इंग्रजी कर्मणी वाक्ये समजायला जास्त वेळ लागला, पण मुख्यतः तेव्हाच, जेव्हा करणारा आणि ज्याच्यावर क्रिया घडते तो, यांची अदलाबदल शक्य होती. ‘कुत्र्याकडून मांजराचा पाठलाग केला गेला’ अशा वाक्यात दोघेही पाठलाग करू शकतात, म्हणून मेंदू अडखळतो. मुलगी फुलांना पाणी घालते आहे, अशा आशयाच्या वाक्यात अदलाबदल शक्य नाही, तिथे फरक जवळजवळ नाहीसा झाला. फर्नांडा फेरेरा यांच्या २००३ सालच्या अभ्यासात ऐकणाऱ्यांना करणारा कोण, ते ओळखायचे होते. माणसाने कुत्र्याला चावल्याचे कर्मणी वाक्य ऐकून अनेकांनी कुत्राच चावल्याचे सांगितले. वाक्यापेक्षा व्यवहारज्ञानावर त्यांचा भरवसा जास्त होता. हे सगळे प्रयोग इंग्रजीतले, सुट्या वाक्यांवरचे. त्यांवरून मराठी ईमेल इतके सेकंद उशिरा वाचला जातो, असे कोणी सांगू लागले तर ऐकू नये. पण अदलाबदलीचा मुद्दा आपल्याकडे अधिकच लागू होतो, कारण आपला ‘कडून’ दोन कामे करतो. तो करणारा दाखवतो आणि ज्याच्यापासून काही घ्यायचे तो उगमही दाखवतो. ‘पुरवठादाराकडून सदोष माल परत घेण्यात येईल’ हे वाक्य वाचा. पुरवठादार आपला वाईट माल परत नेणार, की आधी त्याला परत दिलेला माल आपण त्याच्याकडून पुन्हा घेणार? दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य आहेत. ट्रकचे भाडे कोणाच्या खात्यात पडणार, ते मात्र अर्थावर अवलंबून आहे. ‘पुरवठादार सदोष माल परत नेईल आणि वाहतुकीचा खर्च देईल’ असे लिहिले की वाद उरत नाही.

नामांच्या ओझ्याविषयी थोडी सावधगिरी हवी. ‘नाम अधिक करणे’ ही जोडी मराठीत परकी नाही. ‘सुरुवात करणे’, ‘फोन करणे’, ‘पेमेंट करणे’ याला पर्यायी एकशब्दी क्रियापद बऱ्याचदा नसतेच, आणि ते ओढूनताणून घडवायची गरजही नाही. दोष पायरीपायरीने वाढतो. ‘आम्ही नग तपासले’ यात करणारा आहे, क्रिया आहे, वस्तू आहे. ‘आम्ही नगांची तपासणी केली’ यात क्रिया नाम झाली, पण करणारा टिकला. एवढे चालून जाते, कधी औपचारिक सूर हवा असेल तर शोभतेही. ‘नगांची तपासणी करण्यात आली’ इथे करणारा गेला. ‘नगांच्या तपासणीबाबतची कार्यवाही पूर्ण करण्यात आली’ इथे ‘कार्यवाही’ नावाचे एक नवेच नाम मध्ये येऊन बसले आणि तपासणी स्वतः त्याचे विशेषण झाली. आता नग खरोखर तपासले, की तपासण्यासाठी कोणाकडे पाठवले, की तपासणीचा नुसता अर्ज भरला, हे वाक्यावरून सांगता येत नाही. पहिल्या पायरीवर खोटे बोलायचे असेल तर सरळ खोटे बोलावे लागते. चौथ्या पायरीवर काहीही न करता खरे वाटेल असे लिहिता येते. चौथ्या पायरीची वाक्ये वाचून ग्राहकाला संशय का येतो, याचे उत्तर इथे आहे.

आता एक पूर्ण ईमेल घेऊन पाहू. समजा, प्रेसिंगचे काम करणाऱ्या एका लघुउद्योगाला १२ जूनला १२०० ब्रॅकेट द्यायचे आहेत. झिंक प्लेटिंग बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडे होते. त्यातल्या ५०० नगांवरचा थर ड्रॉइंगमध्ये मागितलेल्या ८ मायक्रॉनपेक्षा कमी भरला. ग्राहकाच्या खरेदी विभागाला हे कळवायचे आहे. ‘पुरवठ्याबाबत’ एवढाच विषय टाकून नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला मजकूर असा होतो: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या दिनांक ३ जूनच्या खरेदी आदेशान्वये मागणी करण्यात आलेल्या १२०० ब्रॅकेटच्या पुरवठ्याच्या संदर्भात, प्लेटिंगच्या प्रक्रियेमध्ये निर्माण झालेल्या अडचणींमुळे पुरवठ्यास विलंब होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तथापि, उपलब्ध मालाची गुणवत्ता तपासणी पूर्ण करण्यात आलेली असून त्याच्या पाठवणीबाबतची कार्यवाही लवकरात लवकर करण्यात येईल. तरी सुधारित वेळापत्रकास आपल्याकडून मान्यता देण्यात यावी, ही विनंती.’

पहिले वाक्य ३२ शब्दांचे आहे. त्यातले पहिले सात शब्द काहीच सांगत नाहीत, आणि फोनच्या पडद्यावर ईमेल उघडण्याआधी जी एक ओळ दिसते ती नेमकी याच शब्दांनी भरून जाते. शेवटचे ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे उशीर होणार की नाही? लिहिणाऱ्याला माहीत आहे की होणार. त्याने ते दोन नकारांच्या आड ठेवले आहे. खरेदी विभागातल्या बाईंना चार गोष्टी कळायला हव्यात: १२ जूनला किती नग येतील, उरलेले कधी येतील, का राहिले, आणि त्यांनी आता काय करायचे. तीन वाक्ये वाचून चारांतल्या एकाचेही नीट उत्तर मिळत नाही. ‘सुधारित वेळापत्रकास’ मान्यता मागितली आहे, पण वेळापत्रक दिलेलेच नाही. इथे एक गोष्ट ध्यानात येते: हे वाक्य थेट करायला बसले तर नुसत्या शब्दांची फिरवाफिरव करून भागत नाही. ‘पाठवणीबाबतची कार्यवाही करण्यात येईल’ याचे ‘आम्ही पाठवू’ करताच पेन थांबते. किती? कधी? क्रियापद उघडे पडले की ते कर्ता, कर्म आणि वेळ मागते. उत्तर माहीत नसेल तर लिहिणाऱ्याला उठून प्लेटिंगवाल्याला फोन करावा लागतो. म्हणजे लपलेला कर्ता ही बऱ्याचदा अपुऱ्या माहितीची खूण असते, केवळ भाषेच्या सवयीची नव्हे.

फोन केल्यावर कळते की थर काढून पुन्हा प्लेटिंग करायला चार दिवस लागतील. मग विषयाच्या ओळीत ‘१२०० पैकी ७०० ब्रॅकेट १२ जूनला, ५०० ब्रॅकेट १७ जूनला: तुमची संमती हवी’ असे येते आणि मजकूर असा होतो: ‘तुमच्या ३ जूनच्या ऑर्डरमधले ७०० ब्रॅकेट आम्ही ठरल्याप्रमाणे गुरुवारी, १२ जूनला पाठवतो. उरलेले ५०० मंगळवारी, १७ जूनला पाठवू. या ५०० नगांवर झिंकचा थर ८ मायक्रॉनपेक्षा कमी भरला, म्हणून आम्ही ते परत प्लेटिंगला दिले आहेत. गुरुवारी येणारे ७०० नग आम्ही तपासले आहेत. थराच्या मोजणीचा अहवाल सोबत जोडला आहे. माल असा दोन टप्प्यांत चालेल का, ते बुधवारी दुपारपर्यंत कळवाल का? मंगळवारच्या आधी काही नग लागणार असतील तर आकडा सांगा, तेवढे आधी प्लेट करून घेऊ.’ हा मजकूर पहिल्यापेक्षा लहान नाही, उलट थोडा मोठाच आहे. तरीही तो लवकर वाचून होतो, कारण वाक्य संपते तिथे अर्थही संपतो आणि मागे वळावे लागत नाही. आणि पहिल्या ईमेलनंतर ‘नेमके किती आणि कधी?’ असे विचारणारा जो ईमेल परत आला असता, तो आता येणार नाही. वाचनाचा वेग मोजायचा तर ही सगळी देवाणघेवाण धरून मोजायला हवा.

यावर पहिला आक्षेप सौजन्याचा. ‘पाठवण्यात यावे’ यात अदब आहे, ‘पाठवा’ हे हुकमी वाटते, असे अनेकांना मनापासून वाटते, आणि वरिष्ठांना किंवा मोठ्या ग्राहकाला लिहिताना तर हा संकोच खराच असतो. पण मराठीत अदब ‘-ण्यात’ या रूपात साठवलेली नाही. ती ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांच्या निवडीत आहे, ‘पाठवावे’ या विध्यर्थात आहे, ‘पाठवाल का?’ या प्रश्नात आहे, ‘पाठवलेत तर बिल याच महिन्यात निघेल’ या कारण सांगण्यात आहे. ‘आपण सही केलेली प्रत सोमवारपर्यंत पाठवावी’ हे वाक्य पूर्ण आदराचे आहे, आणि ती प्रत कोणी पाठवायची याविषयी शंका ठेवत नाही. उलट ‘सही केलेली प्रत पाठवण्यात यावी’ असा ईमेल एकदम पाच जणांना गेला की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पाठवेल. खरे तर ‘करण्यात यावे’ हा आदेशाचा सूर आहे. कार्यालयीन आदेशात तो त्याच कामासाठी वापरला जातो. ग्राहकाला तो लावणे अदबीचे नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दर वेळी करणारा पुढे आणला तर दर वेळी बोट दाखवल्यासारखे होते. ‘तुम्ही इनव्हॉइसमध्ये जीएसटी क्रमांक चुकीचा टाकला’ हे थेट आहे, पण त्याने काम होण्याऐवजी भांडण होईल. इंग्रजीत अशा वेळी कर्मणीचा आसरा घेतात. मराठीजवळ याहून सुंदर सोय आहे, आणि ती लिहिताना आपण विसरतो. ती म्हणजे आपली अकर्मक क्रियापदे. चुकणे, राहणे, अडकणे, तुटणे, हुकणे, सुटणे, भरणे. ‘इनव्हॉइसमध्ये जीएसटी क्रमांकाचा शेवटचा आकडा चुकला आहे. दुरुस्त प्रत पाठवाल का? ती आली की त्याच दिवशी पेमेंटला लावतो.’ इथे कोणावर ठपका नाही, तरी वाक्य जिवंत आहे. ‘जीएसटी क्रमांकाच्या नोंदीमध्ये त्रुटी आढळून आलेली आहे’ असे लिहायची गरज पडली नाही. वरच्या ईमेलमध्ये ‘थर कमी भरला’ असेच लिहिले आहे, ‘जॉबवर्कवाल्याने थर कमी दिला’ असे नाही. त्या जॉबवर्कवाल्याशी ग्राहकाचा संबंध नाही. ग्राहकाला जबाबदार आपणच आहोत, म्हणून ‘आम्ही परत प्लेटिंगला दिले’ हे मात्र स्वतःकडे घेतले आहे. चूक कशी झाली ते अकर्मक क्रियापदाने सांगावे, आणि आता काय करणार ते स्वतःला कर्ता करून सांगावे. अवघड ईमेल लिहिताना ही वाटणी बहुतेक वेळा उपयोगी पडते. दोन्ही वाक्यांत कर्ता लपवला तर वाचणाऱ्याला वाटते की इथे जबाबदारी घेणारे कोणीच नाही. नुकसानभरपाईचा वाद उभा राहील अशी स्थिती असेल तर कारणांविषयीचे वाक्य वकिलांना दाखवूनच जावे, पण तेव्हाही ‘आम्ही १७ जूनला माल पाठवू’ हे वाक्य धूसर ठेवण्याचे कारण नसते.

तिसरा आक्षेप ठामपणाचा आहे. थेट क्रियापदाने वाक्य ठाम वाटते हे खरे, पण लिहिणाऱ्याला स्वतःलाच खात्री नसेल तर? ‘१७ तारखेला पाठवतो’ असे ठणकावून लिहिले आणि १७ला माल गेला नाही, तर ‘लवकरात लवकर’ लिहिलेले बरे होते असे कोणीही म्हणेल. हा धोका खरा आहे, आणि थेट वाक्यांचे सल्ले देणारे तो पुष्कळदा सांगत नाहीत. अनिश्चितता लपवू नये, तिलाही कर्ता आणि तारीख द्यावी. ‘प्लेटिंगवाला उद्या सकाळी तारीख सांगणार आहे, ती मी उद्या दुपारी दोनपर्यंत तुम्हाला कळवतो.’ माल कधी येईल हे या वाक्यात नाही, तरी ते ‘विलंब होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ यापेक्षा कितीतरी विश्वासाचे आहे, कारण जे माहीत आहे आणि जे नाही, त्यांच्यामधली रेघ त्यात स्पष्ट आहे. ‘बहुधा’, ‘आमच्या अंदाजाने’ हे शब्दही खुशाल वापरावेत, मात्र वाक्यात एकदा. ‘साधारणतः शक्यतो अंदाजे’ अशी रांग लागली की वाचणारा आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आणि पोकळ ठामपणाही सहज ओळखू येतो: प्रत्येक वाक्यात ‘आम्ही निश्चितपणे करू’ असते, पण तारीख एकाही वाक्यात नसते.

आपल्या मजकुरात ही वाक्ये शोधायची एक सोपी रीत आहे. मसुदा झाला की Ctrl+F दाबून ‘ण्यात’ शोधावे. ‘पुण्यात’, ‘ठाण्यात’ आणि ‘पाण्यात’ही पिवळे होतील, ते सोडून द्यावेत; ‘त्यांच्याशी बोलण्यात वेळ गेला’ यातला ‘बोलण्यात’ही निर्दोष आहे. जिथे ‘ण्यात’नंतर ‘येणे’चे एखादे रूप आहे तिथे थांबून ‘कोण?’ असे विचारावे. उत्तर ‘मी’, ‘आम्ही’ किंवा ‘तुम्ही’ असेल तर वाक्य त्या कर्त्याने पुन्हा लिहावे, आणि क्रियापदाच्या रूपातूनच कर्ता कळत असेल तर तो वेगळा लिहूही नये. नाहीतर प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होऊन नवा कंटाळा येतो. मग ‘बाबत’, ‘संदर्भात’, ‘कार्यवाही’ आणि ‘कडून’ शोधावेत. ‘बाबत’ काढल्यावर अर्थ तसाच राहिला तर तो नको होता. ‘कार्यवाही’ दिसली की तिच्या आधीचे नाम पाहावे. पाठवणी, तपासणी, आकारणी यांच्या पोटात क्रियापद बसलेले असते, तेच बाहेर काढावे. सगळी नामे काढायची नाहीत. ‘तपासणी अहवाल’, ‘नोंदणी क्रमांक’, ‘मंगळवारची तपासणी’ ही वस्तूंची आणि ठरलेल्या घटनांची नावे आहेत. त्यांना फोडून वाक्य करायला गेलो तर वाचणाऱ्याला ओळखीची खूण सापडणार नाही.

‘कोण?’ या प्रश्नाचे उत्तर कधीकधी ‘त्याने काही फरक पडत नाही’ असेही असते, आणि तिथे ‘-ण्यात येणे’ किंवा ‘जाणे’ राहू द्यावे. ‘रविवारी सर्व्हर बंद ठेवला जाईल’ हे ठीक आहे. कोणता अभियंता बटण दाबणार, हे खातेदाराला जाणून घ्यायचे नसते. मागच्या वाक्यात ज्या वस्तूविषयी बोललो तिच्यापासूनच पुढचे वाक्य सुरू करायचे असेल, तर करणारा मागे राहणे वाचायला सोपे जाते. सभेच्या इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हे वाक्य तर तसेच हवे, कारण ठराव सभेने केलेला असतो, इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवाने नाही. मात्र त्याच इतिवृत्तात पुढे ‘टाकीच्या दुरुस्तीबाबत कोटेशन मागवण्यात यावीत’ असे लिहिले असेल, तर पुढच्या सभेपर्यंत ती बहुधा कोणीही मागवलेली नसतात. तिथे ‘खजिनदार ३० तारखेपर्यंत तीन कोटेशन मागवतील’ असे नाव आणि तारीख घालून लिहायला हवे.